आज्जींच्या चेहऱ्यावरचं ऊन काढ, वय राहू दे

"काका, खानापूर तालुक्यातल्या एका गावात दोन वर्षांपूर्वी मी छोटा स्टुडिओ टाकलाय. गावातल्या एका आज्जींचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यांचा फोटो मी त्यांच्याच अंगणात काढला, दुपारी बाराच्या सुमाराला. घरच्यांना 12 बाय 18 इंची फ्रेम हवी आहे आणि मंडपाला त्याच फोटोचा फ्लेक्स. आधी मोबाइलच्या ॲपवर चेहरा गुळगुळीत करून दाखवला, तर लेक म्हणाली, 'ही आमची आई न्हवं.' मग मूळ फोटो तसाच दाखवला, तर सूनबाई म्हणाल्या, 'आत्ती एवढ्या थकलेल्या दिसत नाहीत हो.' मला दोघींचंही पटतंय. संगणकावर फोटोशॉप आहे, पण हीलिंग ब्रश सोडला तर फारसं येत नाही. कार्यक्रमाला बारा दिवस आहेत. सुरकुत्या कमी दिसाव्यात, पण आज्जी 81 च्याच वाटाव्यात, हे कसं जमवायचं?"
— खानापूर तालुक्यातला एक छायाचित्रकार

तुझ्या फोटोत खरी गडबड दुपारच्या बाराची आहे. सूर्य डोक्यावर होता. अशा उन्हात कातडीची प्रत्येक घडी आपल्या खाली काळी सावली टाकते आणि घडीचा वर आलेला काठ उन्हानं चकाकतो. डोळ्यांच्या खोबणी काळोखानं भरतात, नाकाची सावली ओठावर उतरते, गालाची घडी कोळशानं ओढल्यासारखी दिसते. सूनबाई आत्तींना रोज बघतात ते सोप्यात बसलेल्या, दारातून आलेल्या पसरट उजेडात. तिथं त्याच घड्या असतात, पण त्यांच्या सावल्या उथळ असतात. म्हणून त्यांना फोटोतल्या आत्ती थकलेल्या वाटल्या. लेकीचंही बरोबरच आहे, कारण ॲपनं सावल्यांबरोबर घड्याही नेल्या आणि आईचा चेहराच गेला.

आता तुझं काम नेमकं किती ते यातूनच ठरतं. त्या चेहऱ्यावर उन्हानं जेवढं भर घातलंय तेवढं काढायचं, आणि वयानं जे दिलंय ते जागच्या जागी ठेवायचं.

हे माप डोळ्यांनी घ्यायचं असतं, म्हणून उद्याच सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला कॅमेरा घेऊन आज्जींच्या घरी जा. सोप्यात, उघड्या दाराकडे तोंड करून त्यांना बसव. ऊन थेट अंगावर नको, नुसता उजेड हवा. मांडीवर एक पांढरं धुतलेलं धोतर पसरून दे, म्हणजे हनुवटीखाली आणि डोळ्यांखाली खालून उजेड परततो. खिडकी एका बाजूला असेल तर तिथं बसवू नकोस, कारण बाजूचा उजेड दुपारच्या उन्हाइतकाच सुरकुत्या खणतो. बोलत बोलत दहा-बारा फोटो घे. नातवंडाला मागे उभं कर, आज्जी त्याच्याकडे बघून हसतील. या फोटोंत तसंच हसू मिळालं तर हाच फोटो फ्रेमला घे, पुढचं काम पाव हिश्श्यावर येईल. नाही मिळालं आणि घरच्यांचा जीव दुपारच्याच फोटोवर असला, तरी हा सोप्यातला फोटो तुझा नकाशा आहे. काम करताना तो शेजारी उघडा ठेव. कुठली घडी खरोखर किती खोल आहे ते तो सांगेल, तुला अंदाज करावा लागणार नाही.

कॅमेऱ्याऐवजी मोबाइलवर घेणार असशील तर आधी त्यातला ब्यूटी मोड बंद कर. बऱ्याच मोबाइलमध्ये तो मुळातच चालू असतो. एकदा मोबाइलनं पुसलेली कातडी परत आणता येत नाही.

मी रिटचिंग शिकलो ते पेन्सिलीवर. बेळगावच्या एका स्टुडिओत, काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवर. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरची काळी सावली तिथं पारदर्शक, फिकी दिसते. निगेटिव्हला रिटचिंगचं द्रावण चोळायचं, म्हणजे तिच्यावर पेन्सिल धरते. मग सुईसारख्या टोकदार कडक पेन्सिलीनं त्या फिक्या पट्टीत बारीक बारीक स्वल्पविराम भरायचे. जेवढी पट्टी भरेल तेवढी प्रिंटमध्ये सावली उजळ येते. उस्ताद दर दोन मिनिटांनी निगेटिव्ह काढून घेत आणि म्हणत, "पट्टी भरू नको, अर्धी ठेव." पूर्ण भरली की प्रिंटमध्ये तिथं पांढरा ओरखडा येई आणि निगेटिव्ह पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. त्या पेन्सिलीला कातडीचा पोत बदलता येत नव्हता, घडी हलवता येत नव्हती. सावली थोडी उजळ करणं एवढंच तिच्या हातात होतं, आणि म्हणूनच त्या काळातली म्हातारी माणसं फोटोत म्हातारीच दिसतात. फोटोशॉपमध्येही मी आजतागायत तेच करतो.

आधी फोटो 12 बाय 18 ला कापून घे, 300 च्या रिझोल्यूशनला. म्हणजे 3600 बाय 5400 पिक्सेल होतात. शेवटच्या मापावरच काम केलेलं बरं, नाहीतर छापताना न दिसणाऱ्या रेघांवर तास जातात.

मग एक रिकामी लेअर घे. तुझा ओळखीचा हीलिंग ब्रश याच लेअरवर चालव. वरच्या पट्टीत `Sample` समोर `Current & Below` निवडलं की मूळ फोटोला धक्का लागत नाही. या लेअरवर काय पुसायचं त्याची माझी कसोटी पंधरवड्याची आहे. जे पंधरा दिवसांनी आज्जींच्या चेहऱ्यावर नसणार ते पुसून टाक: डास चावल्याचा फोड, कपाळावर सांडलेलं कुंकू, ओठाची निघालेली साल, डोळ्यावर आलेला केस. जे पंधरा दिवसांनीही असणार ते पुसायचं नाही. तीळ, वांग, जुना व्रण, सगळं राहू दे. आणि गोंदणाला हात लावू नकोस. आपल्या भागातल्या त्या पिढीच्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर हिरवट ठिपके असतात. ॲपना ते डाग वाटतात आणि बहुतेक वेळा चेहरा गुळगुळीत करताना तेच पहिले जातात. तुझ्या आज्जींना गोंदण असेल, तर लेकीला आई परकी वाटायचं निम्मं कारण तिथंच सापडेल. पुन्हा एकदा बघ.

सुरकुत्यांवर हीलिंग ब्रश फिरवायचा नाही, हे नीट लक्षात घे. तो शेजारची सपाट कातडी आणून घडीवर डकवतो, म्हणजे घडीच नाहीशी करतो. आपल्याला ती हवी आहे.

घड्यांसाठी दुसरी लेअर. `Layer > New > Layer` मध्ये जाऊन `Mode` ला `Soft Light` निवड आणि त्याच चौकटीत खाली `Fill with Soft-Light-neutral color` वर खूण कर. करड्या रंगानं भरलेली लेअर तयार होईल, पण फोटोत काहीच बदल दिसणार नाही. ही तुझी निगेटिव्ह. तिच्यावर पांढऱ्यानं रंगवलं की खालचा फोटो तेवढाच उजळतो, काळ्यानं रंगवलं की गडद होतो. कातडीची छिद्रं आणि बारीक जाळी मात्र तशीच राहतात, कारण ती खालच्या मूळ फोटोत आहेत. ब्रश एकदम मऊ, `Hardness` 0. `Opacity` 100 असू दे, पण `Flow` 2 किंवा 3 टक्के, त्याहून जास्त नको. एका फटकाऱ्यात काहीच झाल्यासारखं वाटणार नाही, आठ-दहा फटकाऱ्यांनी हळूहळू फरक दिसू लागेल. ब्रशची जाडी सावलीच्या पट्टीएवढीच ठेव. पट्टी नाकाजवळ रुंद आणि खाली अरुंद असते, तशी जाडीही चौकोनी कंसाच्या बटणांनी बदलत राहा. फोटो 100 टक्क्यांवर बघ. 300 टक्क्यांवर गेलास की छिद्रं मोजत बसशील आणि आज्जी दिसायच्या बंद होतील.

आता सगळ्यात जास्त चुकतं ती जागा. मघाशी म्हटलं तसं उन्हातली सुरकुती ही जोडी असते, काळी पट्टी आणि तिच्या शेजारी चकाकणारा काठ. नवखा माणूस फक्त काळी पट्टी उजळत जातो. मग काळं जातं, पण शेजारचा चकाकता काठ राहतो, दोन्ही मिळून एक रुंद उजळ पट्टा होतो आणि गाल सुजल्यासारखा दिसायला लागतो. दाढदुखीनं फुगतो ना, तसा. हे झालं की माणूस आणखी उजळतो आणि सूज आणखी वाढते. उपाय असा की काळी पट्टी थोडी उजळायची आणि चकाकता काठ थोडा गडद करायचा. पांढरा-काळा रंग `X` दाबून उलटसुलट होतो. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सरकलं की घडी तिथंच राहते, फक्त उथळ होते. सोप्यातला फोटो शेजारी आहेच, त्यातल्याएवढी उथळ झाली की हात थांबव.

कुठली घडी किती, हे मात्र सरसकट नसतं. प्रत्येक घडी बघणाऱ्याला काहीतरी सांगत असते आणि मी त्यावरून ठरवतो. दोन भुवयांमधल्या उभ्या रेघा बघ. आज्जी त्या दुपारी उन्हानं डोळे बारीक करून बसल्या असणार, त्यामुळे त्या रेघा आणखी खोल झाल्या आणि चेहऱ्यावर त्रासलेपण आलं, जे आज्जींच्या मनात नव्हतं. या रेघा मी सगळ्यात जास्त उथळ करतो, निम्म्याहून थोड्या अधिक. तोंडाच्या कोपऱ्यांपासून हनुवटीकडे उतरणाऱ्या घड्यांचंही तसंच, त्या तोंड उतरल्याचा भास देतात. नीट बघ, त्या घडीचं वरचं टोक, अगदी ओठाच्या कोपऱ्यालगतचं, सगळ्यात काळं असतं. तेवढं टोक उजळलं तरी चेहरा हलका होतो, खालचा भाग जवळजवळ तसाच ठेवता येतो.

याउलट डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या पंख्यासारख्या रेघा. खरं हसताना डोळ्याभोवतीचा स्नायू आवळतो आणि या रेघा उमटतात. ओठ हसताहेत आणि डोळ्याचा कोपरा सपाट आहे असा चेहरा बघणाऱ्याला खोटा वाटतो, का ते त्याला सांगता येत नसलं तरी. तुझ्या ॲपनं नेमकं हेच केलं असणार. या रेघांमधल्या एक-दोन फार काळ्या असतील तर त्यांचा उन्हाचा वाटा काढ, पण पंखा पूर्ण राहू दे, रेघांची संख्या कमी करायची नाही.

नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्याकडे येणारी मोठी घडी चेहऱ्याचा सांगाडा धरून असते. तिला काढलं की नाक आणि गाल एकमेकांपासून सुटून पडतात. तिचा नाकाजवळचा कोपरा सोप्यातल्या उजेडातही गडदच असतो, तो तसाच ठेव. मधला भाग तीन-चार आणे उजळ. कपाळावरच्या आडव्या रेघांना फार वेळ देऊ नकोस, वरच्या उन्हानं त्या जेवढ्या खोल झाल्यात तेवढ्याच उथळ कर.

डोळ्यांखाली दोन गोष्टी असतात आणि लोक त्या एकत्र करतात. एक फुगीर पिशवी, आणि तिच्या खालच्या कडेला धरून नाकापासून गालाकडे जाणारी खोलगट सावली. थकवा दिसतो तो या सावलीमुळे. पिशवीला हात न लावता नुसती ती सावली उजळ. पिशवी 81 व्या वर्षी असणारच, तिला सपाट केलंस तर डोळे कुणा दुसऱ्याचेच वाटतील. डोळ्यांचं पांढरं आणखी पांढरं करू नकोस. या वयात बुबुळाच्या कडेला फिकट निळसर-पांढरं वलय असतं, डोळे उजळवणारं ॲप त्याला भलताच चमकवतं आणि नजर काचेची होते. तिथं काही करायचंच नाही.

वरच्या ओठावरच्या उभ्या बारीक रेघा एक-एक करून उजळत बसू नकोस. मोठा ब्रश घेऊन नाकाची जी सावली ओठावर पडली आहे ती पूर्ण सावली थोडी उजळ, रेघा आपोआप मंद होतील. दात नसल्यामुळे ओठ आत गेले असतील तर तसेच राहू देत.

मान विसरू नकोस. चेहरा उथळ झाला आणि मान दुपारच्या उन्हातलीच राहिली, तर कुणी सांगितलं नाही तरी जोड कळतो. मानेच्या घड्या चेहऱ्याच्या निम्म्यानं तरी हलक्या कर. मांडीवरचे हात फ्रेममध्ये असतील तर त्यांचंही तसंच. त्या हातांनी आयुष्यभर भाताची लावणी केली असेल, शिरा वर आलेल्या असतील. शिरा ठेव, फक्त उन्हाची चकाकी थोडी मार.

एवढं झालं की रंगाकडे बघ. आपल्या सावळ्या कातडीत घडीच्या आतला रंग शेजारपेक्षा लालसर-तपकिरी असतो. सावली उजळली तरी तो रंग तसाच राहतो, म्हणून घडीच्या जागी तांबूस ओघळ दिसू शकतो. त्यावर आणखी उजळू नकोस, त्यानं तो जात नाही. नवी लेअर घे, तिचा `Mode` `Color` कर, `Alt` दाबून शेजारच्या कातडीचा रंग उचल आणि मऊ ब्रशनं 10 टक्के `Opacity` वर एक-दोन वेळा फिरव. ओघळ मिसळून जाईल. कुंकवाच्या, गोंदणाच्या आणि ओठांच्या जवळ जाऊ नकोस, तिथले रंग फिके पडतील.

इंटरनेटवर तुला फ्रीक्वेन्सी सेपरेशनचे पाठ भरपूर दिसतील, पोत एका लेअरवर आणि रंग-सावली दुसऱ्यावर. पद्धत वाईट नाही, पण तिच्यात खालची लेअर धूसर करायचा मोह आवरत नाही. म्हाताऱ्या चेहऱ्याचा आकारच त्या सावल्यांमध्ये असतो. त्या धूसर केल्या की वर छिद्रं नीट दिसतात आणि खाली चेहरा मेणाचा होतो. बारा दिवसांत ते शिकायला जाऊ नकोस.

आता तपासणी. या सगळ्या लेअर एका ग्रुपमध्ये टाक. फोटो लहान करून पूर्ण स्क्रीनवर आण, मग ग्रुपचा डोळा बंद-चालू कर. बंद-चालू करताना चेहऱ्यात उडी जाणवली तर जास्त झालंय. आज्जी जरा सावलीत येऊन बसल्या एवढंच वाटलं तर बरोबर आहे. नंतर `Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal` करून फोटो उलटा बघ. तासभर बघून डोळा सरावतो आणि सूज दिसेनाशी होते, उलट्या चेहऱ्यात ती लगेच दिसते. बघून झालं की पुन्हा सरळ करायला विसरू नकोस, नाहीतर लुगड्याचा पदर आणि नथ भलत्या बाजूला जाऊन बसतील. मग फाइल बंद कर आणि रात्र जाऊ दे. सकाळी पहिल्यांदा उघडल्यावर जे वाटेल ते खरं. मला जवळजवळ प्रत्येक वेळी ग्रुपची `Opacity` 100 वरून 70 च्या आसपास खाली आणावी लागते, इतक्या वर्षांनंतरही. रात्रीचा हात नेहमी जास्तच चालतो.

माझ्या हातून एकदा हे घडलंय. एका आजोबांच्या पंच्याहत्तरीचा फोटो मी रात्री संपवला आणि सकाळी न बघता छापायला पाठवला. घरच्यांनी काही म्हटलं नाही, पैसे दिले, फोटो नेला. वर्षभरानं त्या घरी गेलो तर भिंतीवर त्यांच्या नातवानं मोबाइलवर काढलेला फोटो होता. माझा आतल्या खोलीत होता. तेव्हापासून रात्र मध्ये गेल्याशिवाय मी फाइल सोडत नाही.

छपाईबद्दल दोन गोष्टी, कारण इथं केलेलं काम वाया जाऊ शकतं. एक म्हणजे शार्पनिंग. शार्पनिंग काळ्याला आणखी काळं आणि उजळाला आणखी उजळ करतं, म्हणजे तू तासभर जे केलंस त्याच्या नेमकं उलट. तुझ्या लॅबवाल्याला सांग की फाइलवर शार्पनिंग टाकू नका. तू स्वतः करणार असशील तर डोळे, केस, नथ आणि लुगड्याचे काठ एवढ्यावरच कर, कातडी झाकून. दुसरी गोष्ट कागदाची. मॅट कागदावर काळं थोडं फिकं येतं, घड्या आपोआप मऊ होतात. चकचकीत कागदावर त्या जशाच्या तशा येतात. फ्रेमला काच लागणार असेल तर मॅटच घे. पूर्ण फ्रेम छापण्याआधी नुसत्या चेहऱ्याचा तुकडा कापून, त्याच मापाचा, 4 बाय 6 वर छापून आण. स्क्रीन मागून उजळलेली असते, कागद नसतो, त्यामुळे स्क्रीनवर मऊ वाटलेली घडी कागदावर थोडी खोल दिसू शकते.

हा तुकडा लेकीला आणि सूनबाईंना एकत्र दाखव, सोप्यातच, आज्जी समोर बसलेल्या असताना. हातभर अंतरावरून नाही, चार फुटांवरून, भिंतीवरची फ्रेम बघतात तसं. आणि "सुरकुत्या ठीक आहेत का?" असं विचारू नकोस, मग त्या सुरकुत्याच शोधतील. नुसता हातात दे आणि त्या आधी काय बोलतात ते ऐक. लुगड्याबद्दल, नथीबद्दल, हसण्याबद्दल बोलल्या तर छापायला पाठव. "काय केलंस रे याला?" असं कुणी विचारलं तर ग्रुपची `Opacity` आणखी दहा टक्के खाली आण.

फ्लेक्ससाठी वेगळी फाइल कर. तो मंडपाच्या तोंडाशी दहा-पंधरा फुटांवरून बघितला जाणार आणि छपाई भरड असते, बारीक रेघा तिथं उरतच नाहीत. फ्रेमसाठी केलेलं काम पूर्ण तसंच तिथं लावलं तर चेहरा सपाट पडतो. ग्रुपची `Opacity` 40 वर आण, बस्स.

आणि काम झालं की लेअरसकट `PSD` जपून ठेव, नुसत्या `JPG` वर समाधान मानू नकोस. आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शनाला काढलेला फोटो पुढे एक दिवस घरचे पुन्हा मागायला येतात, आणि त्या दिवशी त्यांना घाई असते. तेव्हा कुणी दुसऱ्यानं त्या `JPG` वर ॲप चालवण्यापेक्षा, आज्जी आज जशा आहेत तशी फाइल तुझ्याकडून मिळू दे. फाइलला आज्जींचं नाव आणि तारीख दे, आणि एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेव.